मी आपोआप ढवळणारा कप विकायला काढला

ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात प्रत्येक डिपार्टमेंटनं काहीतरी सादर करायचं असा फतवा निघाला आणि आमच्या डिपार्टमेंटनं एकमतानं माझ्याकडे बघितलं, कारण या नोकरीच्या आधी मी दोन वर्षं टेलिशॉपिंगच्या जाहिरातींची मराठी स्क्रिप्टं लिहायचे हे सगळ्यांना माहितीये. म्हणजे त्या बाहेरच्या जाहिराती असतात ना, पोटाचा पट्टा वगैरे, त्यात ओठ वेगळंच काहीतरी बोलतायत आणि आवाज येतो "अरे वा, हे तर कमालच आहे!", तो आवाज काय म्हणणार हे मी लिहायचे. तर मला म्हणाले तीन मिनिटांची खोटी जाहिरात लिही, दोन माणसं, एक टेबल, वस्तू कुठलीही वेडपट चालेल. चहा समोर होता म्हणून मी म्हटलं, आपोआप ढवळणारा कप. विषय ठरायला एवढाच वेळ लागला, पुढचं सगळं मात्र तीन आठवडे चाललं.

पहिला ड्राफ्ट एका संध्याकाळी हसत हसत लिहिला आणि तिथेच सगळं चुकलं. माझा कप चहा ढवळायचा, गाणं म्हणायचा, बॉसचा मूड ओळखून रंग बदलायचा, शेवटी उडून सिंकमध्ये जाऊन स्वतःला धुवायचा. नाव ठेवलं होतं ढवळेश्वर. मी स्वतःवर जाम खूश. ताईला वाचून दाखवलं तर ती "हं, छान आहे" असं म्हणाली, त्या "हं"चा अर्थ ज्यांना मोठी बहीण आहे त्यांनाच कळेल. पूर्ण वाचनात ती एकदाच खरंखुरं हसली, कुठे, तर मी सवयीनं शेवटी एका दमात "अटी व शर्ती लागू, चित्रातील चहा केवळ प्रातिनिधिक" म्हणून टाकलं तिथे. त्यात माझा एकही जोक नव्हता. ते वाक्य मी आधीच्या नोकरीत शंभर वेळा तरी लिहिलं असेल.

त्या रात्री पडल्या पडल्या डोक्यात आलं की उडणारा कप विकायला जाहिरातीची भाषा लागतच नाही. कप खरंच उडत असेल तर "उडतो" एवढं सांगितलं की विकला जाईल. ती सगळी भाषा, ते "क्रांतिकारी", ते "आता विसरा जुन्या पद्धती", ते ज्या वस्तूत सांगण्यासारखं फार काही नसतं तिच्यासाठी तयार झालेलं असतं. तर वस्तू जेवढी किरकोळ ठेवाल तेवढी भाषा उघडी पडते. म्हणून कपाचं गाणं काढलं, रंग काढला, उडणं काढलं. राहिला फक्त कप, जो चहा ढवळतो. आणि स्वतःशी नियम केला की माझ्या तोंडचा एकही विनोद नको, प्रत्येक वाक्य खऱ्या जाहिरातीत जसंच्या तसं चालेल असंच पाहिजे.

मग एक नवीन घोळ झाला. मित्राला कल्पना सांगितली तर तो थंडपणे म्हणाला, "अगं पण असे कप मिळतात." आणि खरंच मिळतात! हँडलवर बटण, तळात छोटी मोटर, दोन बारीक सेल, आणि कपाच्या आत बुडाशी एक इवलासा प्लॅस्टिकचा पंखा. दुसरा प्रकार चुंबकाचा, त्यात पंख्याऐवजी एक सुटी कांडी कपात टाकायची. म्हणजे मी जी वस्तू वेडपट म्हणून निवडली तिची खरी जाहिरात आधीच अस्तित्वात होती, आणि ती वाचली तर माझ्या विडंबनापेक्षा चार पायऱ्या वर होती, अगदी गंभीर चेहऱ्यानं लिहिलेली. आता विडंबन कशाचं करायचं?

जपानमध्ये केंजी कावाकामी नावाच्या गृहस्थांनी अशा वस्तूंना एक नावच देऊन टाकलंय, चिंदोगू. काम तर करतात पण वापरल्या की आधीपेक्षा त्रास वाढतो अशा वस्तू. त्यांचा एक नियम मला फार आवडतो, की वस्तू खरोखर बनवलेली पाहिजे, नुसती कागदावर नको. हे वाचून मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, कप खरंच बनवायचा. दोन, वेडेपणा कपात ठेवायचाच नाही, तो ऑफरमध्ये ठेवायचा. टेलिशॉपिंगचा प्राण म्हणजे "पण थांबा!" आणि त्यानंतर येणारी मोफत भेट. आपोआप ढवळणाऱ्या कपाबरोबर मोफत काय द्यायचं, तर स्टीलचा चमचा. हे सुचलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्यानं हसले. बाकी पूर्ण स्क्रिप्ट म्हणजे त्या चमच्यापर्यंत प्रेक्षकांना गंभीरपणे कसं न्यायचं एवढाच प्रश्न होता.

आता आधी समस्या. टेलिशॉपिंगची सुरुवात नेहमी काळ्यापांढऱ्यात होते, हे तुम्ही पाहिलं असेलच, एक बाई डबा उघडताना सगळं अंगावर सांडून घेते, कपाळाला हात लावते, मागे उदास म्युझिक. वस्तू आली की रंग येतात. या भागाचं काम एकच, की ज्या गोष्टीचा तुम्हाला आजवर त्रास नव्हता तिचा त्रास व्हायला लागला पाहिजे. आणि त्यासाठी त्रासाला नाव लागतं. यातलं जुनं आणि गाजलेलं उदाहरण लिस्टरीनचं. तोंडाच्या वासासाठी हॅलिटोसिस हा वैद्यकीय वाटणारा शब्द त्यांनी १९२० च्या दशकात जाहिरातींतून घरोघरी पोचवला. तोंडाचा वास म्हटलं की दात घासा, हॅलिटोसिस म्हटलं की औषध आणा.

तर मला ढवळण्याच्या त्रासासाठी नाव हवं होतं. "चमचाग्रस्त" लिहिलं, खोडलं, कारण त्यात मी डोळा मारतेय हे दिसत होतं. "मनगट-ढवळ सिंड्रोम" खोडलं, लांब आहे आणि सिंड्रोम आला की लोक हसायची तयारी करूनच बसतात. शेवटी "ढवळताण". हा शब्द ऐकला की अर्धा सेकंद वाटतं, असेल बाबा, कुठेतरी वाचलंय वाटतं. तो अर्धा सेकंद मला हवा होता.

पाठोपाठ आकडा. इथे मी नियमच केला होता की आकडा खोटा नको, गणित खरं पाहिजे. दिवसाला दोन कप, प्रत्येक वेळी ढवळायला २० सेकंद धरले. दिवसाचे ४० सेकंद, वर्षाचे १४,६०० सेकंद, म्हणजे साधारण चार तास. ऐकायला अगदीच फुसकं. पण जाहिरातवाला वर्षावर थांबत नाही, तो आयुष्यावर जातो. ५० वर्षांचे साधारण २०३ तास, भागिले २४, साडेआठ दिवसांच्या जरा आत. झालं! "तुम्ही तुमच्या आयुष्यातले तब्बल आठ दिवस फक्त ढवळण्यात घालवता!" ह्यात एक शब्द खोटा नाही. फक्त कप ढवळत असताना तुम्ही कपाकडे बघत तेवढेच २० सेकंद उभे राहणार आहात हे कुणी सांगत नाही. तो "तब्बल" पण बघा. आपण बोलताना तब्बल कधी म्हणतो? तो शब्द जाहिराती आणि बातम्यांनीच वाटून घेतलाय.

मग दावे. हा माझा आवडता भाग, कारण या कामात मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवलाय. त्या जुन्या नोकरीत आम्हाला एक बाई होत्या सिनियर, त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "क्रियापद जपून, आकडा बिनधास्त." म्हणजे "थकवा घालवतो" लिहायचं नाही, "थकवा कमी करण्यास मदत करतो" लिहायचं. मदत तर काय, खिडकीसुद्धा करते. आकड्यापुढे "पर्यंत" लावायचं. "८० टक्क्यांपर्यंत कमी मेहनत" यात शून्य टक्केसुद्धा बसतं, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात फक्त ८० राहतं. तुलना करायची पण कशाशी ते म्हणायचं नाही, "अधिक चांगला ढवळतो" एवढंच, कशापेक्षा ते विचारायला कोण थांबतंय.

विडंबनात हे सगळं जसंच्या तसं घेतलं आणि एक सर्वेक्षणही केलं, अगदी खरं. आमच्या मजल्यावरच्या दहा जणांना विचारलं की चहा ढवळलेला आवडतो का न ढवळलेला. नऊ जण म्हणाले ढवळलेला, अर्थात माझ्याकडे वेड्यासारखं बघत. दहावा बिनसाखरेचा पितो, तो म्हणाला मला काय फरक पडतो. तर स्क्रिप्टमध्ये आलं, "दहापैकी नऊ जणांनी ढवळलेल्या चहाला पसंती दिली!" शंभर टक्के खरं, आणि त्यात माझ्या कपाचा दुरूनही संबंध नाही, तरी कपाचा फोटो समोर असताना वाचलं की आपोआप कपाचाच वाटतो. मला सांगायला लाज वाटते पण हे लिहिताना जुनी मजा आली.

एक गोष्ट मात्र मी विडंबनात उलटी केली. खऱ्या जाहिरातीत "जगातला सर्वात लाडका कप" असं बिनधास्त म्हणतात, कारण ते कुणी मोजू शकत नाही, ती नुसती बढाई. ठोस वचन द्यायला मात्र घाबरतात आणि त्यामागे एक जुना खटला आहे, जाहिरातवाल्यांना आणि वकिलांना दोघांनाही पाठ असतो. इंग्लंडमध्ये कार्बोलिक स्मोक बॉल नावाची नाकात धूर ओढायची वस्तू होती, कंपनीनं १८९१ मध्ये जाहिरात दिली की सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, आणि आम्ही मनापासून बोलतोय हे दाखवायला १,००० पौंड बँकेत ठेवलेत. कार्लिल नावाच्या बाईंनी वापरली, त्यांना इन्फ्लुएंझा झाला, त्यांनी पैसे मागितले. कंपनी म्हणाली अहो ती नुसती जाहिरात होती. अपील कोर्टानं १८९२ मध्ये सांगितलं, बँकेत पैसे ठेवलेत म्हणताय म्हणजे ती नुसती बढाई नाही, द्या पैसे. तर माझ्या जाहिरातीत मी मुद्दाम एक भयंकर ठोस वचन टाकलं, "कप परत केलात तरी चमचा तुमच्याकडेच राहील!" खऱ्या टेलिशॉपिंगमध्ये हे वाक्य असतंच, वस्तू आवडली नाही तरी भेट ठेवून घ्या. मी फक्त भेट बदलली होती.

नाव ठरलं "मंथन प्रो". ढवळेश्वर बिचारा केव्हाच गेला. मंथन म्हटलं की आपल्या डोक्यात थेट समुद्र, देव, दानव, अमृत सगळं हजर, ते फुकटात मिळतं, आणि प्रो लावलं की कुठेतरी साधा मंथनही असेल असं वाटतं. तंत्रज्ञानाला नाव "थ्रीडी व्हॉर्टेक्स टेक्नॉलॉजी". चहात होणारा भोवरा थ्रीडीच असतो, टूडी भोवरा कुणी कपात बघितलाय? परत खरं, परत निरर्थक. आणि शास्त्रज्ञ हवाच असतो, पांढरा कोट घातलेला. मी चक्क आईनस्टाईन घेतला. १९२६ मध्ये आईनस्टाईननं चहा ढवळल्यावर पत्ती कपाच्या मध्यभागी का गोळा होते यावर खरंच लिहिलंय. आपल्याला वाटतं फिरवलं की पत्ती बाहेर फेकली जाईल, पण तळाशी घासून पाणी मंदावतं, तिथला बाहेर जायचा जोर कमी पडतो, आणि तळातलं पाणी आतल्या बाजूला वाहताना पत्तीला मध्ये ढकलून आणतं. त्याला नद्या वळणं का घेतात ते समजवायचं होतं, चहा नुसतं उदाहरण. माझ्या स्क्रिप्टमध्ये ओळ आली, "ज्या विषयावर स्वतः आईनस्टाईननं विचार केला, तेच विज्ञान आता तुमच्या कपात!" हे विज्ञान अर्थात तुमच्या चमच्यातही आहेच.

आता कप बनवणं, जिथे मी तोंडावर आपटले. पंख्यावाला कप बनवायचा तर बुडाला भोक पाडून शाफ्ट घालायची, म्हणजे गळणार. म्हणून चुंबकाचा मार्ग घेतला, प्रयोगशाळेत असतो तो मॅग्नेटिक स्टरर. त्याचं अमेरिकेतलं पेटंट १९४४ चं आहे, आर्थर रोझिंगर यांच्या नावानं, म्हणजे माझी क्रांतिकारी टेक्नॉलॉजी आजोबांच्या वयाची निघाली. खाली मोटर, मोटरच्या टोकावर आडवी पट्टी, पट्टीच्या दोन टोकांना दोन चुंबक, एकाची वरची बाजू उत्तर तर दुसऱ्याची दक्षिण. वर कप, कपात प्लॅस्टिकमध्ये सील केलेली छोटी चुंबकाची कांडी. खालची पट्टी फिरली की वरची कांडी मागे मागे फिरते, भोक नाही, गळती नाही. भावाच्या मुलाच्या मोडक्या खेळण्यातली मोटर घेतली, लाकडाच्या खोक्यात बसवली, खोक्याच्या झाकणावर कप.

पहिला कप स्टीलचा घेतला तर काहीच होईना. चुंबक थेट कपालाच चिकटायला बघतंय आणि कांडी बुडाशी गप्प पडलेली. त्या कपाचं स्टील चुंबकाला चिकटणारं होतं. कपाच्या बुडाला चुंबक लावून आधी बघायला पाहिजे होतं, चिकटलं तर तो कप बाद, एवढी साधी गोष्ट. मग चिनीमातीचा कप घेतला, पातळ बुडाचा, कारण जाड बूड म्हणजे दोन चुंबकांत अंतर वाढतं आणि पकड सैल होते.

दोन सेल लावून बटण दाबलं तर कांडी फिरायच्या ऐवजी जागच्या जागी थरथरायला लागली, दातावर दात आपटल्यासारखा आवाज, कडकडकडकड, आणि मग एका कोपऱ्यात जाऊन पडली. मला वाटलं सेल कमी पडले म्हणून मी तीन लावले (इथे हुशारी दिसते माझी) तर कडकडाट अजून वाढला. लॅबमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीला फोनवर तो आवाज ऐकवला, ती लगेच म्हणाली, "अगं वेग जास्त झालाय, कांडीला गाठता येत नाहीये, पकड सुटतेय. आधी हळू फिरव, मग हळूहळू वाढव." खेळण्यातली मोटर सरळ सेलला जोडली की मिनिटाला हजारो फेऱ्या मारते आणि जागची उठतानाच पूर्ण वेगात उठते, त्या बिचाऱ्या कांडीला सुरुवात करायला सवडच मिळत नाही. एकच सेल ठेवला आणि मध्ये फिरवायचं वेग कमी करायचं बटण टाकलं. शून्यापासून हळू सुरू केल्यावर कांडी फिरली आणि पाण्यात मध्यभागी छान खळगा पडला. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं, कुणाला फार काही वाटलं नाही. आई म्हणाली, "चमच्यानं एवढा वेळ लागत नाही गं." ती ओळ मी लगेच लिहून घेतली, पण वापरता आली नाही, कारण जाहिरातीत असं कुणी म्हणत नाही.

पितळ दुसऱ्या दिवशी उघडं पडलं. चहा घालून बघितला, साखर टाकली, वेग जरा वाढवला तर भोवरा काठापर्यंत चढला आणि चहा माझ्या बाहीवर, खोक्यावर आणि मोटरमध्ये. मोटर गेलीच, दुसरी आणावी लागली. तेव्हापासून कप अर्धाच भरायचा असं ठरलं आणि ती अटी व शर्तींमधली सगळ्यात चांगली ओळ झाली, "सर्वोत्तम परिणामांसाठी कप अर्धा भरा." अशी ओळ मी बसून विचार करून कधीच लिहू शकले नसते. आणि हो, चुंबकाची कांडी असलेला चहा प्यायचा नाही हे मी सगळ्यांना दटावून ठेवलं होतं, कारण चुंबक पोटात जाणं हा गमतीचा विषय नाही. स्टेजवर कपात नुसतं पाणी आणि थोडा खायचा रंग, तो फिरताना लांबूनही दिसतो.

तालमीत अडचण आली ती आवाजाची. स्टेजवर बोलणारा आमचा सहकारी हजरजबाबी, प्रत्येक ओळीवर भुवया उडवायचा, "तब्बल" म्हणताना बोटं नाचवायचा. लोकांना सांगत होता की बघा हं, हे विनोदी आहे. मी त्याला म्हटलं, अरे तू विक्रेता आहेस, तुला या कपाचं कमिशन आहे, तुझ्या मुलाची फी या कपावर आहे असं समजून बोल. दोन वेळा जमलं नाही. मग मी त्याला माझ्या जुन्या डबिंगच्या सवयीनं बोलायला लावलं. डबिंगची मराठी घरातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. मूळ माणसानं तोंड जितका वेळ उघडं ठेवलंय तितकंच वाक्य बसवावं लागतं, म्हणून "मला तर विश्वासच बसत नाहीये!" असली वाक्यं येतात जी आपण आयुष्यात कधी कुणाला म्हणत नाही. प्रत्येक वाक्याचा शेवट वर चढवायचा आणि दोन वाक्यांमध्ये अजिबात श्वास घ्यायचा नाही. तो चढ सापडला आणि भुवया आपोआप खाली आल्या, कारण श्वासच पुरत नव्हता.

शब्दांचंही तेच. स्टुडिओतल्या अनुभवानं मला माहिती होतं की मिनिटाला सव्वाशे-एकशेतीस मराठी शब्दांच्या पुढे गेलं की ऐकणाऱ्याचं सुटतं. तीन मिनिटांत कप फिरवून दाखवायचा, त्याला चाळीस सेकंद, म्हणजे शब्द तीनशेच्या आतच. पहिल्या ड्राफ्टमध्ये सातशे होते. कापताना सगळ्यात आधी माझी लाडकी वाक्यं गेली. सरळ नियम केला, ऐकताना खऱ्या जाहिरातीत कान टवकारले नसते असं वाक्य ठेवायचं, "वा, काय लिहिलंय" वाटलं की खोडायचं.

शेवटी स्टेजवर गेलं ते हे, मध्ये कप दाखवायचा भाग वगळून.

"तुम्हीही अजून त्याच जुन्या, कंटाळवाण्या पद्धतीनं चहा ढवळता का? चमचा वेळेवर सापडत नाही? गोल गोल फिरवून मनगट थकतं? ही असू शकतात ढवळताणाची लक्षणं! तुम्हाला माहिती आहे का, आयुष्यातले तब्बल आठ दिवस तुम्ही फक्त ढवळण्यात घालवता! पण आता नाही! सादर आहे मंथन प्रो, थ्रीडी व्हॉर्टेक्स टेक्नॉलॉजी असलेला क्रांतिकारी कप! ज्या विषयावर स्वतः आईनस्टाईननं विचार केला, तेच विज्ञान आता तुमच्या कपात! फक्त बटण दाबा आणि फरक स्वतः अनुभवा!"

"मी आधी खूप निराश असायचे. चहा ढवळून होईपर्यंत दिवस संपल्यासारखा वाटायचा. पण जेव्हापासून माझ्या आयुष्यात मंथन प्रो आला, मी पुन्हा हसायला शिकले! माझे मिस्टर म्हणतात, तू किती बदललीस!"

"मंथन प्रो मेहनत ८० टक्क्यांपर्यंत कमी करण्यास मदत करतो! दहापैकी नऊ जणांनी ढवळलेल्या चहाला पसंती दिली! पण थांबा! आत्ता फोन केलात तर मंथन प्रोसोबत मिळवा हा खास, उच्च दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा, हलका, टिकाऊ, सेलशिवाय चालणारा चमचा, अगदी मोफत! साखर, दूध, कॉफी, काहीही असो, हा चमचा सगळं करतो! सेल संपले? चिंता नको! आणि कप परत केलात तरी चमचा तुमच्याकडेच राहील! मग वाट कसली बघताय? साठा मर्यादित!"

आणि मग एका श्वासात, "अटी व शर्ती लागू, सेल समाविष्ट नाहीत, सर्वोत्तम परिणामांसाठी कप अर्धा भरा, कप पूर्ण पाण्यात बुडवू नका, ढवळताण हा आजार नाही, चित्रातील चहा केवळ प्रातिनिधिक."

"मी पुन्हा हसायला शिकले" म्हणणारी मी होते. माझ्या बाईचा मेकअप काळ्यापांढऱ्या भागात राखाडी पावडर लावून केला होता, रंग यायच्या वेळी ती पुसायची होती, ती नीट पुसलीच गेली नाही, त्यामुळे मी आनंदानं हसताना आजारीच दिसत होते. कुणीतरी म्हणालं ते फार छान केलंत. मी काही बोलले नाही.

पहिली दीड मिनिटं हॉलमध्ये शांतता होती आणि माझ्या पोटात गोळा आला. लोक हसत नव्हते, ऐकत होते. आठ दिवसांच्या ओळीला पहिल्या रांगेतल्या एका काकांनी शेजारणीकडे बघून मान डोलावली, खरंच असेल हो म्हणून. मग चमचा आला. "सेलशिवाय चालणारा" वर जो हशा सुरू झाला तो शेवटपर्यंत थांबला नाही, अटी व शर्ती कुणालाच ऐकू गेल्या नाहीत, माझी अर्ध्या कपाची ओळ वाया गेली.

कार्यक्रम संपल्यावर अकाउंट्समधले एक जण हळूच जवळ आले. "मॅडम, मस्त झालं हं. तो कप कुठून घेतलात?" मी म्हटलं अहो घरी बनवलाय, खेळण्यातली मोटर आहे. "नाही, पण असा मिळत असेल ना?" मिळतो, मी म्हटलं, आणि मला जे माहिती होतं ते सांगितलं, पंख्याचा आणि चुंबकाचा. पुढच्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर पंख्यावाला आला. रोज सकाळी बटण दाबून ते आजूबाजूच्यांना दाखवायचे, आणि मोटरचा बारीक घूंऽऽ आवाज आमच्यापर्यंत यायचा.

परवा त्यांच्याकडे एका बिलासाठी गेले तर कप तिथेच होता, आवाज मात्र नव्हता. सेल संपलेत म्हणे, आणायला जमत नाहीये. कपात स्टीलचा चमचा होता, आणि बुडाशी तो पंखा असल्यामुळे चमचा तळापर्यंत जात नव्हता, वरच्या वरच ढवळत होते.